ताबा सोडला तरच हिबा

"घर मुलींच्या नावावर करून टाकायचंय, पण मी आहे तोवर ते माझंच राहिलं पाहिजे." मालमत्तेची कामं पाहणाऱ्या वकिलाकडे मुस्लिम पक्षकार आला, की ही मागणी हमखास होते. त्यात गैर काही नाही. आयुष्यभराच्या कमाईतून उभं राहिलेलं घर, म्हातारपणी डोक्यावर छप्पर हवं, आणि आपल्यामागे मुलींना कुणी बाहेर काढू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा असते. अडचण अशी, की ही इच्छा जशीच्या तशी पुरी करणारा कागद मुस्लिम कायद्यात नाही. हयातीत दिलं तर तो हिबा. हिब्यात सगळी मालमत्ता कुणालाही देता येते, पण ताबा आत्ताच सोडावा लागतो. मरणानंतर मिळावं असं लिहिलं तर ती वसीयत. वसीयतीत शेवटच्या श्वासापर्यंत सगळं आपल्या हातात राहतं, पण देण्याला एक तृतीयांशाची मर्यादा येते, आणि वारसाला द्यायचं तर तेवढंही सहजी देता येत नाही. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलून केलेला कागद पुढे कोर्टात टिकत नाही, आणि ते कळतं तेव्हा लिहून देणारा हयात नसतो.

हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने 'मी हे दिलं' असं स्पष्ट सांगितलं पाहिजे. घेणाऱ्याने, किंवा त्याच्या वतीने पालकाने, ते स्वीकारलं पाहिजे. आणि दिलेल्या वस्तूचा कब्जा घेणाऱ्याकडे गेला पाहिजे. देणारा सज्ञान, शुद्धीवर आणि कुणाच्या दडपणाखाली नसलेला असावा, हे ओघानं आलंच. यात कागदाचा उल्लेख नाही, हे अनेकांना खटकतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि त्यावर दोन साक्षीदार लागतात. पण त्याच कायद्याचं कलम १२९ मुस्लिम कायद्यातल्या दानाच्या नियमांना हात लावत नाही. त्यामुळे तोंडी हिबाही पक्का ठरू शकतो. मग तोच हिबा कागदावर उतरवला तर नोंदणी लागते का, यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांची निरनिराळी मतं होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका खटल्यात हा प्रश्न निकाली काढला: तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या असतील, तर केवळ नोंदणी नाही म्हणून लेखी हिबा बाद होत नाही.

या निकालाचा लोकांनी अर्धाच अर्थ घेतला. 'नोंदणी लागत नाही' एवढं लक्षात राहिलं. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. नोंदणी केली, मुद्रांक लावला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, फोटो काढले, आणि ताबा मात्र दिलाच नाही, तर तो हिबा होत नाही. दुय्यम निबंधकाचा शिक्का कब्ज्याची जागा घेऊ शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण अशी घरं गावोगाव आहेत. समजा, मिरजेतले एक निवृत्त शिक्षक आहेत, हनफी सुन्नी. घरी पत्नी आणि दोन मुली. मुलगा नाही, आईवडील केव्हाच गेलेले, एक सख्खा भाऊ हयात. थोरली मुलगी त्यांच्याजवळच राहते, धाकटी लग्न होऊन पुण्याला. पत्नीची बहीण अकाली वारली, तिची मुलगी याच घरात वाढली. घर दोन मजली. खाली हे लोक राहतात, वरचा मजला भाड्याने दिलेला. घराची किंमत ६० लाख आणि बँकेतल्या ठेवी २० लाख धरू.

त्यांनी काहीच केलं नाही तर काय होईल? मुलगा नसल्यामुळे मुलींचा हिस्सा दोन तृतीयांशावर थांबतो, पत्नीला एक अष्टमांश मिळतो, आणि उरलेलं भावाकडे जातं. भाऊ चांगला असेल, कदाचित काही मागणारही नाही. पण भाऊ गेला तर त्याची मुलं त्या हिश्श्याचे मालक होतात, आणि मग घर विकून हिस्से करा असा दावा लागतो. गुरुजींच्या पोटात गोळा येतो तो यासाठी. हाताखाली वाढलेल्या त्या भाचीला तर कायद्याने एक रुपयाही मिळत नाही, कारण ती वारस नाही.

म्हणून ते हिब्याचा विचार करतात, आणि इथपर्यंत त्यांचं बरोबरच आहे. हिब्याला रकमेची मर्यादा नाही. वारसाला देता येतो, परक्याला देता येतो, एका मुलीला जास्त आणि दुसरीला कमीही देता येतो. धर्माच्या दृष्टीने मुलांमध्ये समान वाटणी करावी अशी शिकवण आहे, पण कमीजास्त दिलं म्हणून कोर्ट हिबा मोडत नाही.

आता त्यांनी हिबा नीट कसा करावा, ते पाहू. सगळं घर दोघी मुलींना 'निम्मं-निम्मं' असं मोघम लिहून देणं टाळावं. वाटून देता येईल अशा वस्तूचा अविभक्त हिस्सा हिब्यात दिला, तर हनफी कायद्यात तो हिबा सदोष मानतात. याला मुशाचा नियम म्हणतात. हिबा त्यामुळे शून्य होत नाही, पुढे वाटणी करून ताबा दिला की दोष निघून जातो. १८८९ साली प्रिव्ही कौन्सिलनेही सांगितलं, की हा नियम बदलत्या समाजाला जुळणारा नाही आणि तो जितका आवळून लावता येईल तितका आवळूनच लावावा. वारसांनी आपसात केलेले हिबे, किंवा जिना आणि बोळ यांसारख्या वाटताच न येणाऱ्या गोष्टी, यातून सुटतात. तरी भावाच्या वकिलाला हा मुद्दा आयता कशाला द्यायचा? तळमजला थोरलीला, वरचा मजला धाकटीला, जिना आणि विहीर सामाईक, चतुःसीमा आणि चौरस फुटांसह, असं लिहिलं की प्रश्नच मिटला.

वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे. त्याला हुसकावून तिथे धाकटीला नेऊन बसवण्याची गरज नाही. गुरुजींनी भाडेकरूला लेखी कळवायचं: हा मजला मी अमुक तारखेला माझ्या मुलीला हिबा केला आहे, यापुढे भाडं तिला द्या. पत्राची पोच ठेवायची. पुढच्या महिन्यापासून भाडं मुलीच्या खात्यात, पावती मुलीच्या सहीची. भाडेकरूने तिला मालकीण मानलं, की कब्जा पोहोचला. आणि नेमकं इथेच बहुतेक हिबे फसतात. कागद होतो, सगळे पेढे खातात, आणि भाडं पूर्वीसारखंच वडिलांच्या खात्यात जमा होत राहतं. कुणाच्या मनात वाईट नसतं. "बाबांना औषधपाण्याला होतात" म्हणून मुलगीच काही बोलत नाही. पण दहा वर्षांनी उलटतपासणीत बँकेचं पासबुक समोर येतं, आणि हिब्यानंतरचं भाडं कुणाला मिळत होतं या प्रश्नाचं उत्तर लपवता येत नाही.

यावर एक खरोखरीची वाट आहे. मालमत्ता पूर्णपणे देऊन टाकायची आणि तिचं उत्पन्न आपल्या हयातीपर्यंत आपल्याला मिळावं एवढंच ठरवून घ्यायचं, हे चालतं. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे लखनौच्या एका नवाबाचा खटला आला होता. त्याने मुलाला सरकारी रोखे दिले, ते मुलाच्या नावावर करून दिले, पण व्याज आपल्याला मिळावं असं ठरवून घेतलं. तो हिबा वैध ठरला, कारण रोखे खरोखर हस्तांतरित झाले होते आणि व्याजाची सोय त्यावरून वेगळी होती. म्हणून गुरुजींना भाडं हवंच असेल, तर कागदातच तसं लिहावं: मालक मुलगी, भाडं वसूल करणारी मुलगी, आणि वडील हयात असेपर्यंत तिने ते त्यांना द्यावं. याउलट 'मी जिवंत असेपर्यंत मालकी आणि ताबा माझाच, माझ्यानंतर मुलीचा' असं लिहिलं, तर ती भविष्यात द्यायची वस्तू झाली, आणि भविष्यातला हिबा होत नाही. शीर्षक काहीही असो, कोर्ट त्याकडे वसीयत म्हणून पाहील आणि तिच्या मर्यादा लावील.

तळमजल्याचं गणित निराळं. तिथे देणारे वडील आणि घेणारी मुलगी एकाच छपराखाली राहतात. सर्वसाधारण नियम असा, की देणारा स्वतः राहत असलेली जागा द्यायची तर त्याने आपलं सामानसुमान घेऊन बाहेर पडावं. पण दोघं एकत्र राहत असतील, तर वडिलांनी गाठोडं बांधून निघून जावं असा आग्रह कोर्ट धरत नाही. शेख कुटुंबातल्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हे १८८४ सालीच सांगितलं होतं: दोघं त्याच घरात असतील, तर देणाऱ्याचा हेतू स्पष्ट दाखवणारी एखादी उघड कृती पुरते. त्याच्याही वीस वर्षं आधी, १८६४ मध्ये, याच न्यायालयापुढे नवऱ्याने बायकोला राहतं घर दिल्याचा खटला आला होता. नवऱ्याने हिबानामा आणि घराच्या किल्ल्या बायकोच्या हाती दिल्या, थोडा वेळ घराबाहेर गेला, आणि परत येऊन पूर्वीसारखा तिथेच राहू लागला. एवढ्यावर न्यायालयाने कब्जा दिल्याचं मानलं. नवराबायकोने एकत्र राहणं हे संसाराचंच लक्षण आहे, त्यावरून मालकी नवऱ्याकडेच राहिली असा अर्थ काढता येत नाही.

ती किल्ली आजही उपयोगी आहे, पण नुसती किल्ली पुरणार नाही, कारण आजचं कोर्ट कागदोपत्री खुणा शोधतं. मिरजेसारख्या शहरात त्या खुणा म्हणजे मिळकत पत्रिकेवरची नोंद, महापालिकेच्या घरपट्टीतलं नाव, विजेचं आणि पाण्याचं बिल, आणि मूळ खरेदीखत मुलीच्या कपाटात असणं. शेतजमीन असती तर सातबाऱ्यावरचा फेरफार, आणि सोसायटीतला फ्लॅट असता तर भाग दाखल्यामागची नोंद. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे कायद्याने पक्कं आहे. नोंद झाली म्हणून हिबा सिद्ध होत नाही आणि नोंद नाही एवढ्यावरून तो पडतही नाही. पण वर्षानुवर्षं एकही खूण नसेल, तर न्यायाधीशाला शंका येणारच. कलबुर्गीच्या एका शेतजमिनीचा वाद २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. १९८८ साली आईने तोंडी हिबा केला, असं मुलीचं म्हणणं होतं, आणि दावा लावला २०१३ मध्ये. मधल्या काळात महसुली दफ्तरात तिच्या नावाची नोंद नव्हती, आणि जमीन विकली जाऊन दुसऱ्यांच्या हाती गेली होती. न्यायालयाने तिचा हिबा मानला नाही. तोंडी हिब्याची मुभा म्हणजे पंचवीस वर्षांनी अचानक पुढे करायचं हत्यार नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे, आणि तो मला रास्त वाटतो. तोंडी हिब्याची सोय ज्या समाजात सगळे एकमेकांना ओळखत होते त्या समाजाची आहे. आज तिच्यावर विसंबून राहणं म्हणजे मुलींना साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर सोडून देणं.

तेव्हा नोंदणी बंधनकारक नसली तरी करावी. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. काही ठिकाणी स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा पडतो. तो धरूनही पुढच्या दाव्याच्या खर्चापेक्षा हा खर्च फार थोडा आहे.

घेणारा अज्ञान असेल तर आणखी एक खाच आहे, आणि तिच्यात आजी-आजोबा हमखास पडतात. बापाने आपल्या अज्ञान मुलाला दिलं, तर बापच पालक असल्यामुळे कब्जा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा प्रश्नच येत नाही, स्पष्ट घोषणा पुरते. पण आजोबांनी नातवाला दिलं आणि नातवाचा बाप हयात असेल, तर कब्जा बापाकडे द्यावा लागतो. मुंबई इलाख्यातला एक खटला १९२८ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. नातवंडं आजोबांच्याच घरी वाढत होती, आईबापही तिथेच होते. आजोबांनी नातवंडांना मालमत्ता दिल्याचं सांगितलं, पण ती स्वतःकडेच ठेवली. हिबा पडला. नातवंडांचं सगळं आजोबाच करत होते, तरी बाप जिवंत असताना कायद्याने पालक बापच होता.

मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मालमत्तेची पालक आई नसते, हे अनेक आयांना ठाऊक नसतं. तरीही १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात या नियमाला माणुसकीने पाहिलं. मलबारातला एक नवरा आजारी होता. १९४४ साली त्याने आपल्या पंधरा वर्षं नऊ महिन्यांच्या पत्नीला मालमत्ता देणारं बक्षीसपत्र नोंदवलं. तिला बाप नव्हता, आजोबाही नव्हते. दोघं तिच्या आईकडे राहत होती, आणि त्याने तो कागद सासूच्या हाती दिला. दोन वर्षांनी तो वारला, आणि त्याच्या इतर वारसांनी म्हटलं, सासू ही कायदेशीर पालक नव्हे, म्हणून कब्जा दिलाच गेला नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. देणाऱ्याने आपल्या बाजूने करता येईल ते सगळं केलं होतं, आणि कायद्याने सांगितलेला एकही पालक हयातच नव्हता. कब्जा ही खेळातली आडकाठी नाही, देणाऱ्याने खरोखर हात सोडला का हे पाहण्याची ती कसोटी आहे, हे या निकालातून जितकं स्वच्छ कळतं तितकं पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

गुरुजींनी सही करण्यापूर्वी एक गोष्ट त्यांना दोनदा सांगायला हवी. कब्जा देईपर्यंत हिबा केव्हाही मागे घेता येतो. दिल्यानंतर मात्र नुसतं 'रद्द' म्हणून भागत नाही, घेणाऱ्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो. आणि नवराबायको किंवा मुलगा-मुलगी यांच्यासारख्या जवळच्या रक्ताच्या नात्यात कब्जा दिलेला हिबा मागे घेताच येत नाही. पुढे मुलीशी, जावयाशी बिनसलं तर परतीची वाट नाही. हिब्यात अट घातली तर अट निरर्थक आणि हिबा कायम, असा मूळ नियम आहे. पण ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ सालचा कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी त्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे करता येते. म्हणून सांभाळाची ओळ कागदात घालून घ्यावी. मुलीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, म्हणून अनेकजण ती गाळतात. गाळू नये.

आणि हे सगळं धडधाकट असताना करावं. माणूस मरणाच्या आजाराने अंथरुणाला खिळला आहे, आता आपण जगत नाही अशी भीती त्याच्या मनात आहे, आणि त्याच आजारात तो जातो, अशा अवस्थेतल्या हिब्याला मर्ज-उल-मौतमधला हिबा म्हणतात. त्याला दोन्हीकडचे काच बसतात. हिबा असल्यामुळे कब्जा लागतो, आणि मरणाच्या छायेत केल्यामुळे वसीयतीची एक तृतीयांशाची मर्यादाही लागते. वारसाला दिलेला असेल तर इतर वारसांची संमती लागते. अतिदक्षता विभागात अंगठा घेऊन केलेले कागद म्हणूनच टिकत नाहीत. वर्षानुवर्षं चाललेल्या मधुमेहाला किंवा पक्षाघाताला, माणूस त्या दुखण्याला सरावलेला असेल तर, हा नियम सहसा लावत नाहीत. आणि आजारातून माणूस उठला, तर हिबा नेहमीसारखाच धरला जातो.

आता वसीयत. समजा, गुरुजींनी हिबा केलाच नाही आणि त्यांचं निधन झालं. एकूण ८० लाख. त्यातून आधी दफनाचा खर्च जातो, मग कर्ज. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच असतं, ते वाटणीच्या आधी फेडावं लागतं, हे फार थोड्या विधवांना कुणी सांगतं. हा सगळा खर्च ८ लाख झाला असं धरलं, तर निव्वळ मालमत्ता ७२ लाख उरते. तिचा एक तृतीयांश म्हणजे २४ लाख. एवढ्यावरच गुरुजींच्या वसीयतीचा अधिकार चालतो. भाचीच्या नावे त्यांनी २४ लाख लिहून ठेवले असतील, तर ते तिला मिळतात, कुणाची परवानगी लागत नाही. उरलेले ४८ लाख वारसांत वाटले जातात: पत्नीला ६ लाख, प्रत्येक मुलीला १६ लाख, भावाला १० लाख.

त्यांनी भाचीला ३० लाख लिहिले असते तर? वरचे ६ लाख वारसांच्या संमतीवर अवलंबून राहिले असते. समजा, फक्त थोरली मुलगी हो म्हणाली. तिचा वारसाहक्क उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाइतका आहे, म्हणून तिची संमती त्या ६ लाखांपैकी २ लाखांपुरतीच चालते. भाचीला २६ लाख मिळतात, आणि ते वाढीव २ लाख थोरलीच्या वाट्यातून जातात. ज्याने संमती दिली, तेवढ्याच त्याच्या हिश्श्याला ती बांधते.

आणि वसीयतीने घर मुलींना ठेवलं असतं तर? मुली वारस आहेत. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसीयत, मग ती एक तृतीयांशाच्या आतली असली तरीही, इतर वारसांनी संमती दिल्याशिवाय लागू होत नाही, आणि ती संमती मृत्यूनंतर द्यावी लागते. भाऊ हयातीत "ठीक आहे, मला काही नको" म्हणाला होता, याला कायद्यात काहीच वजन नाही. वारस कोण, हेही वसीयत लिहिली त्या दिवशी ठरत नाही, मृत्यूच्या दिवशी ठरतं. मुलगा नसताना भावाच्या नावे वसीयत केली आणि नंतर मुलगा झाला, तर भाऊ वारस उरत नाही आणि त्याची वसीयत एक तृतीयांशापर्यंत लागू होते.

ही मर्यादा मुळात कुणाला वाचवण्यासाठी आहे, हे पाहिलं की तिचा राग कमी येतो. मरणाच्या दारातल्या माणसावर एखाद्याने प्रभाव टाकावा आणि त्याची बायकोमुलं उघडी पडावीत, हे होऊ नये म्हणून दोन तृतीयांश वारसांसाठी राखलेले आहेत. आणि वारसाहक्काच्या जाळीतून जे निसटतात, त्यांच्यासाठी एक तृतीयांश मोकळा आहे. आजोबांआधी बाप वारलेला नातू हे त्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण. चुलता हयात असेल, तर त्या पोरक्या नातवाला आजोबांच्या मालमत्तेत काहीच मिळत नाही. एक तृतीयांशाची वसीयत ही अशा नातवाचीच जागा आहे, आणि आजोबांनी ती मोकळी सोडून मरू नये. त्यासाठी स्टँप पेपरही लागत नाही, मुस्लिम वसीयतीला साक्षीदारांची सक्तीही नाही. तरी दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवलेली बरी.

हे नियम सगळ्या मुस्लिमांना सारखे लागू नाहीत. शियांमध्ये एक तृतीयांशाच्या आत वारसालाही वसीयत करता येते, त्याला इतरांची संमती लागत नाही. मुंबईतले खोजा आणि कच्छी मेमन यांच्याबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८४७ सालीच त्यांची हिंदू पद्धतीची वारसाप्रथा मान्य केली होती, आणि त्या प्रथेच्या आधारे पुढे सबंध मालमत्तेची मृत्युपत्रंही झाली. कच्छी मेमन १९३८ च्या कायद्याने मुस्लिम वारसाकायद्याखाली आले. गोव्यात तर चित्रच वेगळं. तिथे १९३७ चा शरियत कायदा लागू नाही. मुस्लिमांसह सगळ्यांना पोर्तुगीज काळातला नागरी कायदा लागू झाला आणि वारसाहक्काचे त्याचे नियम आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आले आहेत. मूलबाळ असलेल्या माणसाला तिथे निम्मी मालमत्ता मनासारखी देता येते, निम्मी वारसांसाठी राखीव. सावंतवाडीतल्या भावाला एक तृतीयांश आणि म्हापशातल्या भावाला अर्धा, अशी ही हद्द आहे.

आणि विशेष विवाह कायदा. १९५४ च्या या कायद्याखाली लग्न नोंदवलं, की त्या जोडप्याच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मग एक तृतीयांशाची मर्यादा उरत नाही, आणि मृत्युपत्र नसलं तरी पत्नी आणि मुली असताना भावाला काही जात नाही. मार्च २०२३ मध्ये केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या एका वकिलाने आपल्या पत्नीशीच या कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं. त्यांना तीन मुली आहेत, मुलगा नाही. त्यावर बरीच टीका झाली. पण तिथे गुरुजींच्या मनातली मागणीच पुरी झाली होती: घर आपल्या हयातीत आपलं, आणि नंतर सगळं मुलींचं. हिबा किंवा वसीयत यांच्याकडून ती पुरी होत नाही. गुरुजींना हा रस्ता नको असेल, तर भाडेकरूला पत्र आणि थोरलीच्या हाती किल्ल्या देण्याचं काम प्रकृती बरी असतानाच उरकलं पाहिजे.